व्हॅनकाकांचा निरोप आला, पण मुलाच्या फोनची वेळ संपली होती. फॅमिली लिंक नेमकं कसं लावता?

मृण्मयी_डोंबिवली | बुधवार, रात्री १०.१२

मुलगा आठवीत आहे, तेरा पूर्ण. मागच्या वर्षी त्याला अँड्रॉइड फोन दिला तेव्हाच मी फॅमिली लिंक लावलं. दिवसाला दोन तास, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा बंद, आणि यूट्यूबला वेगळी अर्ध्या तासाची मर्यादा. वर्षभर सुरळीत चाललं होतं.

काल संध्याकाळी क्लासमध्ये फोनवरच सराव परीक्षा घेतली. क्लासचं स्वतःचं अ‍ॅप आहे, त्यावर. घरून निघण्याआधी त्याने त्याच अ‍ॅपवर एक लेक्चर पाहिलं होतं. परीक्षा संपता संपता दोन तास भरले आणि फोन बंद झाला. पावणेसातला व्हॅनकाकांनी ग्रुपवर निरोप टाकला, गाडी बंद पडली आहे, मुलांनी पेट्रोल पंपापाशी यावं, आणि सोबत जागेचं लोकेशन. बाकीच्या मुलांनी निरोप वाचला आणि ती गेली. हा क्लासच्या गेटपाशी उभा. पाऊस होता, छत्री दप्तरात होती, तरी बूट भिजलेच.

त्याने मला दोनदा फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होते, फोन सायलेंटवर. सव्वासातला पाहिलं आणि लगेच लावला. त्याने उचलला, बोलणं झालं. मी म्हटलं, काकांनी लोकेशन पाठवलंय ते उघड. तो म्हणाला, "आई, काहीच उघडत नाहीये, कुलूप दिसतंय." मी ऑफिसमधूनच माझ्या फोनवरून त्याला अर्धा तास जास्तीचा दिला. काही झालं नाही. परत दिला. तिसऱ्यांदा दिला. माझ्या स्क्रीनवर वेळ वाढलेली दिसत होती, त्याच्या फोनवर कुलूप तसंच. शेवटी तिथल्या वॉचमनदादांनी त्याला पंपापर्यंत नेऊन सोडलं. पावणेआठ वाजले होते.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. जास्तीचा वेळ देऊनही तो पोचला का नाही? आणि अशा वेळी लागणारी अ‍ॅप उघडी राहतील पण फोन मोकाट सुटणार नाही, अशी मांडणी कुणी केली आहे का? फोन काढून घ्या असं कृपया सांगू नका, क्लासचं सगळं त्यावरच आहे.

---

रंकाळा_काठ | बुधवार, रात्री १०.४०

ताई, सोपं आहे. फॅमिली लिंकमध्ये प्रत्येक अ‍ॅपपुढे `Always allowed` करता येतं. व्हॉट्सअ‍ॅप, मॅप, क्लासचं अ‍ॅप, सगळं त्यात टाका, मग वेळ संपली तरी ती चालतात. मी मुलीच्या फोनवर दहा-बारा अ‍ॅप तशी ठेवली आहेत.

आणि कुलूप पडलं तरी खाली `Emergency` बटण असतं. त्यातून कुणालाही फोन लावता येतो, त्यामुळे फोनची काळजी नको.

---

गवतीचहा | बुधवार, रात्री ११.२५

मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी पालक नेमकी हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, आधी एक विचारतो. क्लासच्या बाहेर आल्यावर त्याच्या फोनवर मोबाईल डेटा चालू होता का? आत क्लासचं वायफाय वापरत होता का?

हे विचारण्याचं कारण असं. तुम्ही जास्तीचा वेळ देता तेव्हा तो आधी गूगलकडे जातो आणि तिथून मुलाच्या फोनवर उतरतो. मुलाचा फोन इंटरनेटवर नसेल तर तो निरोप वाटेतच थांबतो. तुमच्या स्क्रीनवर दिसतं ते तुम्ही काय ठरवलंत ते. त्याच्या फोनला ते कळलं की नाही, ते तिथे दिसत नाही. साधा फोन मोबाईलच्या नेटवर्कवर चालतो, त्याला डेटा लागत नाही. म्हणून तुमचं बोलणं झालं पण कुलूप निघालं नाही.

आता यावरचा उपाय, जो तुम्ही बोलत असतानाच करता आला असता. तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंकमध्ये `Parent access code` नावाचा एक आकड्यांचा कोड असतो. मुलाच्या कुलूप पडलेल्या स्क्रीनवर पालकांसाठी कोड टाकायची जागा असते. तुम्ही फोनवर आकडे वाचून दाखवायचे, त्याने टाकायचे, कुलूप निघतं. दोन्ही फोनांना इंटरनेट नसलं तरी चालतं. कोड ठरावीक वेळाने बदलत राहतो, म्हणून मुलाने एकदा लिहून ठेवला आणि रोज वापरला असं होत नाही. उद्या घरी त्याच्याकडून एकदा करवून घ्या. ती जागा कुठे आहे हे त्याला माहीत नसेल तर पावसात उभं राहून सापडणार नाही.

रंकाळा_काठ, तुमचं पहिलं बरोबर आहे, दुसरं अर्धंच. कुलूप पडल्यावर आलेला फोन घेता येतो, हे नक्की. `Emergency` मधून ११२ लागतो, हेही नक्की. पण त्या पडद्यावर आईचा दहा आकडी नंबर दाबला तर साधारणपणे लागत नाही. आईला फोन लावायचा तर फोनचं अ‍ॅप `Always allowed` मध्ये असावं लागतं. बऱ्याच फोनवर ते आधीपासून असतं, मृण्मयीताईंच्या मुलाचं तसंच होतं म्हणून त्याचे दोन मिसकॉल आले. तरी प्रत्येकाने आपल्या मुलाच्या फोनवर डोळ्यांनी बघावं.

बघायची रीत सांगतो. संध्याकाळी घरी बसून तुमच्या फोनवरून मुलाचा फोन `Lock` करा. मग तो त्याच्या हातात द्या आणि म्हणा, बाबांना फोन लाव. नंतर म्हणा, शाळेचा शेवटचा निरोप दाखव. काय अडतं ते पाच मिनिटांत कळतं.

---

मृण्मयी_डोंबिवली | गुरुवार, सकाळी ७.०५

गवतीचहा दादा, अगदी तेच झालं होतं. आत क्लासचं वायफाय, बाहेर आल्यावर काही नाही. मोबाईल डेटा आम्हीच बंद ठेवायला शिकवलं होतं, कारण घरात वायफाय आहे आणि डेटा लवकर संपतो. आणि कुलूप असताना वरची पट्टी खाली ओढून डेटा चालू करता येत नव्हता, असं तो म्हणतो.

संध्याकाळी लॉक करून बघते आणि सांगते.

---

सिन्नरकर_आजोबा | गुरुवार, सकाळी ८.३०

माझ्याही नातवाच्या फोनवर हा त्रास आहे. कर्ज देतो, क्रेडिट कार्ड देतो असे सारखे फोन येतात. ते बंद कसे करायचे? कुणी तरी सांगा. मी पर्याय बंद केला तर त्याच्या शाळेचे फोनही बंद होतील का ही भीती वाटते.

---

गवतीचहा | गुरुवार, सकाळी ९.१०

आजोबा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, नको असलेल्या फोनांचा. त्यासाठी १९०९ वर फोन करून किंवा एसएमएस पाठवून डीएनडी नोंदवता येतं. त्याने जाहिरातींचे फोन कमी होतात, शाळेचे किंवा घरच्यांचे अडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये "अनोळखी नंबर ब्लॉक" असा काही पर्याय दिसला तर तो मात्र लावू नका. शाळेच्या शिपायाने स्वतःच्या मोबाईलवरून केलेला फोनही त्यात अडेल.

---

शिल्पा_एडिसन | गुरुवार, सकाळी ९.५०

मी न्यू जर्सीहून. आमच्याकडे मुलीचा आयफोन आहे, त्यामुळे फॅमिली लिंक नाही, अ‍ॅपलचा स्क्रीन टाइम. पण दुखणं तेच, म्हणून लिहिते.

माझी आई सांगलीत असते. तिचा नेम आहे, सकाळी सहाला चहा झाला की नातीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन. हिवाळ्यात आमच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. मुलीच्या फोनचा `Downtime` रात्री आठला सुरू होतो, त्यामुळे सगळं जमून यायचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडची घड्याळं तासभर पुढे गेली. सांगलीतले सहा म्हणजे इथले साडेआठ झाले. आईचे फोन मुलीच्या फोनवर वाजेनात. आईला काही कळेना, मुलीला वाटलं आजी फोन करायची विसरते. तीन आठवडे हे चाललं. एका रविवारी आई रडवेली होऊन मला म्हणाली, "तिला माझ्याशी बोलायचं नसतं का गं आता?" तेव्हा मी शोधायला बसले.

व्हॉट्सअ‍ॅप `Always Allowed` मध्ये टाकल्यावर ते सुटलं. पण आयफोनवर साध्या फोनचं खातं वेगळं आहे. तिथे `Communication Limits` म्हणून एक भाग आहे. दिवसा कुणाशी बोलता येईल आणि डाउनटाइममध्ये कुणाशी, हे दोन ठिकाणी वेगवेगळं ठरवावं लागतं. मी दिवसासाठी फक्त कॉन्टॅक्टमधले लोक असं ठेवलं होतं. मुलगी मैत्रिणीकडे गेली आणि मैत्रिणीच्या आईचा कागदावरचा नंबर लावायला लागली, तर नंबर लाल झाला, शेजारी वाळूच्या घड्याळाचं चिन्ह, आणि फोन लागलाच नाही. आता कुठेही जायच्या आधी तिथल्या मोठ्या माणसाचा नंबर मी स्वतः तिच्या कॉन्टॅक्टमध्ये घालते.

एक चांगली गोष्ट सांगते. तिने ९११ सारख्या आपत्कालीन नंबरवर फोन केला तर हे बोलण्याचे निर्बंध चोवीस तासांसाठी आपोआप उठतात, म्हणजे पुढचे फोन अडत नाहीत.

---

रंकाळा_काठ | गुरुवार, दुपारी १.१५

गवतीचहा, `Emergency` बद्दल मी परत बघितलं. मुलीच्या फोनवर त्या पडद्यावर माझं आणि बायकोचं नाव दिसतं आणि दाबलं की फोन लागतो. म्हणून मी तसं लिहिलं होतं.

---

गवतीचहा | गुरुवार, दुपारी १.५०

म्हणजे तुम्ही कधी तरी तिच्या फोनच्या सेफ्टीच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन संपर्क म्हणून ती दोन नावं भरली आहेत. मग ती तिथे दिसतात. बाकी कुणाचा नंबर लावून बघा, लागणार नाही. हे प्रत्येक कंपनीच्या फोनवर सारखं दिसत नाही, पण भरून ठेवायला काहीच हरकत नाही.

---

सहावी_ब_वर्गशिक्षक | गुरुवार, संध्याकाळी ५.४०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. या धाग्याची मला दुसरी बाजू दिसते. मुलं सांगतात, "सर, आईने फोन लॉक केला म्हणून गृहपाठ पाठवता आला नाही." पूर्वी मला ती सबब वाटायची. मग एका मुलीचा फोन शाळेत मागवून तिच्यासोबत बसलो.

मी गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ म्हणून टाकतो. तिने पीडीएफवर बोट ठेवलं, तर ती ड्राइव्हमध्ये उघडायला गेली आणि ड्राइव्हला कुलूप. वहीत सोडवून फोटो काढायचा, तर कॅमेऱ्याला कुलूप. कविता ऐकायची म्हणून मी यूट्यूबची लिंक दिली होती, तर यूट्यूबला कुलूप. तिच्या वडिलांनी व्हॉट्सअ‍ॅप मोकळं ठेवलं होतं आणि त्यांची प्रामाणिक समजूत होती की शाळेचं सगळं चालू आहे. एका गृहपाठाला चार अ‍ॅप लागत होती, त्यातलं एकच उघडं.

तेव्हापासून मी गृहपाठ साध्या मजकुरात टाकतो आणि फोटो मागत नाही, वही वर्गात बघतो. सगळ्या शिक्षकांना हे जमेल असं नाही. म्हणून पालकांनी एक गृहपाठ मुलाच्या शेजारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघावा आणि फोन कुठून कुठे जातो ते कागदावर लिहावं.

---

मृण्मयी_डोंबिवली | गुरुवार, रात्री ९.५५

आज संध्याकाळी लॉक करून बघितलं. सर, तुमचंही केलं. यादी अशी निघाली.

फोन लागतो. आलेला घेता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून मी फोन केला तर त्याच्याकडे काहीच वाजलं नाही. हे मला धक्कादायक होतं, कारण त्याचे बाबा बंगळुरूहून नेहमी व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फोन करतात आणि "उचलत नाही" म्हणून त्याला बोलतात. व्हॅनकाकांच्या ग्रुपचा निरोप आलेलाही दिसला नाही. मॅप बंद. क्लासचं अ‍ॅप बंद. क्लासचं वेळापत्रक फोटोच्या रूपात येतं, ती गॅलरीही बंद.

पालकाचा कोड करून बघितला. पहिल्यांदा त्याला जागा सापडेना, मग सापडली. मी दुसऱ्या खोलीत जाऊन साध्या फोनवर आकडे सांगितले, दोघांचंही इंटरनेट बंद ठेवून. उघडला.

आता खरा प्रश्न. रंकाळा_काठ म्हणतात तसं सगळं `Always allowed` मध्ये टाकलं तर व्हॉट्सअ‍ॅप रात्री एक वाजताही उघडं राहील ना?

---

गवतीचहा | गुरुवार, रात्री १०.३०

राहील. त्याच्या नावातच आहे, नेहमी. वेळ संपल्यावरही आणि रात्रीच्या बंद वेळातही. संध्याकाळी उघडं पण रात्री बंद, असं त्या एका पर्यायात बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आता चॅनेल आहेत, स्टेटस आहेत, मुलं त्यातच तासभर घालवतात. म्हणून दहा-बारा अ‍ॅप तिथे टाकणं मला पटत नाही.

मी ग्राहकांना मांडणी उलटी करायला सांगतो. फॅमिली लिंकमध्ये तीन वेगळी कुलपं आहेत. एक सगळ्या फोनचं रोजचं माप, `Daily limit`. दुसरं रात्रीचं, `Downtime`. तिसरं एकेका अ‍ॅपचं, `App limits`. तिन्ही एकमेकांना विचारत नाहीत. फोनचा तासभर शिल्लक असला तरी यूट्यूबची अर्ध्या तासाची मर्यादा संपली की यूट्यूब बंद. आणि यूट्यूबचे वीस मिनिटं शिल्लक असले तरी फोनचं माप भरलं की सगळंच बंद.

तुमचा घोटाळा पहिल्या कुलपाने केला. ते आंधळं आहे. क्लासची परीक्षा आणि क्रिकेटचा गेम यांची मिनिटं ते एकाच भांड्यात मोजतं. ज्या दिवशी मुलाने जास्त अभ्यास केला त्याच दिवशी त्याचा फोन लवकर बंद पडतो.

म्हणून पहिलं कुलूप काढून टाका. त्याऐवजी ज्या अ‍ॅपमुळे तुम्हाला काळजी आहे, त्यांनाच `App limits` लावा. बहुतेक घरांत अशी चार-पाचच असतात. यूट्यूब, दोन गेम, फोटो-व्हिडिओचं एखादं अ‍ॅप. रात्रीचं कुलूप तसंच ठेवा. मग व्हॉट्सअ‍ॅप, मॅप, क्लासचं अ‍ॅप, कॅमेरा संध्याकाळी आपोआप उघडे राहतात आणि साडेनऊला सगळ्यांसोबत बंद होतात. `Always allowed` मध्ये फक्त फोन आणि एसएमएसचं अ‍ॅप ठेवा. एसएमएसला डेटा लागत नाही, ते ध्यानात घ्या.

यात दोन भोकं आहेत, ती आधी बुजवा. एक, नवीन अ‍ॅप टाकायला तुमची मंजुरी लागेल असं प्ले स्टोअरचं सेटिंग ठेवा, नाही तर मर्यादा असलेला गेम संपला की तो दुसरा टाकेल. दोन, यूट्यूबचं अ‍ॅप बंद झालं की मुलं क्रोममध्ये youtube.com उघडतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये, फॅमिली लिंकमधूनच, ती साइट अडवता येते. शाळेच्या लिंक यूट्यूबच्या असतील तर त्या अ‍ॅपमध्ये उघडतील आणि त्या अर्ध्या तासातूनच जातील. हा भाग अवघड आहे आणि त्यावर माझ्याकडे नीट उत्तर नाही.

---

कांदेपोहे_रविवार | शुक्रवार, सकाळी ६.४५

मला हे मान्य नाही. व्हॉट्सअ‍ॅप दुपारी चारपासून रात्री साडेनऊपर्यंत बिनमर्यादा? माझ्या मुलीच्या वर्गाचे चार ग्रुप आहेत, त्यातल्या एकात शिक्षक आहेत. बाकी तिनांत दिवसाला चारशे मेसेज पडतात. मी सगळ्या फोनचं माप काढलं होतं आणि पंधरा दिवसांत तिचं जेवणाच्या ताटावरचं लक्ष गेलं. परत दोन तास लावले. अडचण येते, पण ती रोज येत नाही. ग्रुप रोज असतात.

---

गवतीचहा | शुक्रवार, सकाळी ८.२०

कांदेपोहे, तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप हेच काळजीचं अ‍ॅप आहे, तर त्यालाच तासभराची मर्यादा लावा आणि बाकी फोन मोकळा ठेवा. मग निदान मॅप आणि क्लासचं अ‍ॅप त्यात भरडलं जाणार नाही. पण तुमचा तास संपल्यावर व्हॅनचा निरोप आला तर तो दिसणार नाही, हे खरं. तिथे मग निरोपाची वाटच बदलावी लागते.

---

कांदेपोहे_रविवार | शुक्रवार, सकाळी ८.४५

हे करून बघते. व्हॅनवाल्या दादांना एसएमएस करायला सांगितलं तर ते ऐकतील असं वाटत नाही, त्यांच्या गाडीत चौदा मुलं आहेत.

---

सहावी_ब_वर्गशिक्षक | शुक्रवार, दुपारी २.१०

त्यांना एसएमएस करायला सांगू नका, एक फोन करायला सांगा. मार्ग बदलला तर ज्या मुलाचा निरोप वाचलेला दिसत नाही त्यालाच फक्त साधा फोन. आमच्या गावच्या सहलीला आम्ही हेच करतो, आणि आलेला साधा फोन तर कुलूप असतानाही घेता येतो असं वर लिहिलंच आहे.

---

शिल्पा_एडिसन | शुक्रवार, रात्री ८.३०

मृण्मयी, बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप फोनबद्दल वाचून माझ्या आईची आठवण आली. त्यांना आजच सांग की तो उचलत नव्हता असं नाही, त्याच्याकडे वाजतच नव्हता.

---

मृण्मयी_डोंबिवली | पुढचा गुरुवार, रात्री ९.२०

आठवडा झाला, म्हणून लिहायला आले.

शिल्पा, त्याच रात्री सांगितलं. त्याच्या बाबांनी त्याला साधा फोन करून "सॉरी रे" म्हटलं. मुलगा काही बोलला नाही, पण फोन ठेवल्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. आता बाबा साडेआठनंतर साधा फोन करतात.

फोनचं सगळं माप काढलं. यूट्यूब अर्धा तास, दोन गेमना मिळून पाऊण तास होईल अशी वेगवेगळी वेळ, क्रोममध्ये यूट्यूबची साइट अडवली, नवीन अ‍ॅपला मंजुरी माझी. रात्रीची वेळ साडेनऊच ठेवली. पहिले दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त वेळ गेला, मग कमी झाला. किती कमी हे महिन्याने सांगेन, आठ दिवसांवरून बोलत नाही.

घराबाहेर पडताना डेटा चालू करायचा, हा नियम लावला. दप्तराच्या आतल्या कप्प्यात माझा, बाबांचा आणि व्हॅनकाकांचा नंबर कागदावर लिहून ठेवला आहे, फोनची बॅटरीच संपली तर. काकांना मी स्वतः भेटले. ते म्हणाले, "ताई, निळी खूण नाही आली तर मी फोन लावीन." सोमवारी रस्ता खोदला होता तेव्हा त्यांनी लावलाही.

यूट्यूबच्या अभ्यासाच्या लिंकचं कोडं मात्र तसंच आहे. क्लासचे सर विज्ञानाचे चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ देतात, ते अर्ध्या तासात बसत नाहीत. सध्या तसा व्हिडिओ असला की तो मला आधी सांगतो आणि मी त्या दिवसापुरती यूट्यूबची मर्यादा वाढवते. पण मी ऑफिसात असताना हे रोज करणं जमणार नाही.

---

रंकाळा_काठ | पुढचा गुरुवार, रात्री ९.५०

आम्ही ते व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लावतो, मुलगी समोर वही घेऊन बसते. फोनची मर्यादा तशीच राहते. पण टीव्ही हॉलमध्ये आहे आणि सात वाजता आईची मालिका असते, त्यामुळे साडेसहाच्या आत आटपावं लागतं.

आणि मी माझी `Always allowed` ची यादी तपासली. बारातली आठ काढली. मुलीने विचारलं, कुणी सांगितलं? म्हटलं, डोंबिवलीच्या एका काकूंच्या मुलामुळे.

---

मृण्मयी_डोंबिवली | पुढचा गुरुवार, रात्री १०.०५

टीव्हीचं करून बघते. गवतीचहा दादा, एक शेवटचं राहिलं. रंकाळा_काठ यांचं वाचून मीही आपत्कालीन संपर्कात माझं नाव भरलं. पण कुलूप पडल्यावर `Emergency` दाबलं की आमच्या फोनवर फक्त आकड्यांचा पडदा येतो, माझं नाव कुठेच दिसत नाही. दुसरीकडे कुठे भरायचं असतं का?

---

गवतीचहा | पुढचा गुरुवार, रात्री १०.४०

फोन कुठल्या कंपनीचा आहे आणि अँड्रॉइड कितवं, ते लिहा. काही फोनवर लॉक स्क्रीनवर माहिती दाखवायचं वेगळं बटण चालू करावं लागतं. ते चालू असूनही दिसत नसेल तर शनिवारी दुपारी फोन घेऊन बसा, मी इथेच असेन, एकेक करून बघू.